चेकडिस्क एकाच टक्क्यावर अडकलं तेव्हा तुम्ही थांबलात की बंद केलंत?

कोलशेतकर

मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्याकडे तीनदा वीज गेली. तिसऱ्यांदा आल्यावर बाबांचा डेस्कटॉप चालू केला, तर विंडोज येण्याआधी काळ्या पडद्यावर चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणीची, ही ओळ आली आणि तिथेच राहिली:

```
Scanning and repairing drive (D:): 12% complete.
```

रात्री नऊला बारा टक्के होते. जेवणं उरकली, बाबा झोपले, मी दीड वाजता उठून पाहिलं, तरी बाराच. त्या डी ड्राइव्हवर बाबांनी गेल्या वीस वर्षांत देवळांतून स्वतः उतरवून घेतलेली कीर्तनं आहेत आणि तेव्हा त्यांची दुसरी प्रत नव्हती. बंद करावं तर सगळं जाईल ही भीती, चालू ठेवावं तर पुन्हा वीज जाईल ही भीती. सकाळी पावणेसातला मी बटण दाबून धरलं आणि मशीन बंद केलं.

पुढच्या वेळी चालू करताना तपासणी सुरू होण्याआधी जे काही सेकंद मोजतात, त्यात एक कळ दाबून ती टाळली. विंडोज आलं, डी उघडला, फाइली दिसल्या. मध्येमध्ये अडखळत का होईना, कीर्तनं बाहेरच्या डिस्कवर उतरली. पण मी बंद केलं ते बरोबर होतं की नुसतं नशीब, हे मला आजही कळलेलं नाही.

ठाणे, नवी मुंबई, कुठलेही असा, तुमचा अनुभव लिहा. किती टक्क्यांवर, किती तास, कशावरून निर्णय घेतलात आणि नंतर काय झालं?

वाशीकर काका

माझं मत स्पष्ट आहे. चेकडिस्क मध्येच तोडू नये. माझी एक टीबीची बाहेरची डिस्क होती, तिच्यावर `chkdsk F: /r` दिलं. दुपारी सुरू केलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपलं, साधारण २६ तास. मधले सहा तास आकडा जागचा हलला नाही. घरचे म्हणत होते बंद करा, मी केलं नाही. शेवटी बॅड सेक्टर दुरुस्त झाले आणि डिस्क आजही चालते. धीर धरला तर काम होतं.

खारघरची आई

आमच्याही लॅपटॉपवर असंच झालं होतं! मुलाची ऑनलाइन परीक्षा अर्ध्या तासावर आणि पडद्यावर ३५ टक्के, खाली संगणक बंद करू नका अशी सूचना. गोल फिरतच राहिलं. शेवटी शेजारच्या दादांच्या लॅपटॉपवर परीक्षा दिली. दोन तासांनी आपोआप नीट झालं.

पाचपाखाडी

ताई, गोल फिरत होतं आणि बंद करू नका लिहिलं होतं म्हणजे ते विंडोजचं अपडेट असावं. ते वेगळं. चेकडिस्कमध्ये ड्राइव्हचं अक्षर दिसतं.

ऐरोली दुरुस्तीवाली

माझं डिस्क आणि लॅपटॉप दुरुस्तीचं छोटं टेबल आहे, हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा येतो. येणारा प्रत्येक जण टक्के सांगतो. मी आधी विचारते की ही तपासणी तुम्ही `/r` लावून सुरू केली होती, की विंडोजने आपणहून?

विंडोज आपणहून करतं ती तपासणी फाइलींची नोंदवही पाहते. कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या फोल्डरात आहे, तिला कोणाची परवानगी आहे, एवढंच. डिस्क किती मोठी यापेक्षा फाइली किती, यावर तिचा वेळ ठरतो. घरगुती हार्ड डिस्क धड असेल तर हे मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत उरकतं. म्हणून कोलशेतकर, तुमचे बारा टक्के रात्रभर हलले नाहीत याचा अर्थ तपासणी पुढे सरकत नव्हती, ती बहुधा कुठेतरी वाचताच येत नसलेल्या जागेवर अडली असावी. तिथे आणखी रात्र घालवून हाती काही लागलं नसतं.

`/r` चं तसं नाही. ते ही नोंदवही पाहून झाल्यावर चौथ्या टप्प्यात प्रत्येक फाइलीचा सगळा मजकूर वाचतं आणि पाचव्यात उरलेली रिकामी जागा. म्हणजे अख्खी डिस्क एकदा वाचून काढायची. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने एक टीबी वाचायला पावणेतीन तास लागतात. तीच डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावली तर वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि आठ-नऊ तास होतात. त्यात चौथा टप्पा फाइली मोजतो, जीबी नाही. चाळीस जीबीचा एकच व्हिडिओ असला तर तो पूर्ण वाचून होईपर्यंत मोजणी एकनेच वाढते. आकडा थिजला म्हणजे काम थिजलं, असं `/r` मध्ये म्हणता येत नाही.

काका, तुमच्या २६ तासांत खराब जागांचाही वाटा असणार. एका खराब जागेपाशी डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि विंडोज एकेका वाचनासाठी मिनिटभर वाट पाहू शकतं. सरासरी अर्धं मिनिट धरलं तरी अशा पाचशे जागांना चार तासांहून जास्त जातात. आणि चेकडिस्क खराब जागा दुरुस्त करत नाही. तिथली जी फाइल वाचता येईल ती दुसरीकडे हलवतं आणि ती जागा पुन्हा वापरू नये अशी खूण करतं. वाचता न आलेला मजकूर गेलाच.

नेरुळ पूर्व

पण मग आत काम चाललंय की नाही हे ओळखायचं कसं? माझ्या लॅपटॉपला डिस्कचा दिवासुद्धा नाही.

ऐरोली दुरुस्तीवाली

बूट होताना अडकलं असेल तर दिवा आणि कान, एवढंच हाताशी आहे. दिवा अनियमित लुकलुकतोय आणि डिस्कची बारीक खरखर येतेय, तर वाचन चालू आहे. एकाच लयीत टक्-टक् आवाज, मध्ये शांतता, पुन्हा तीच टक्-टक्, हे वाईट लक्षण आहे. दिवा तासभर एकसारखा पेटलेला राहणंही तसंच.

म्हणून सी सोडून दुसरा ड्राइव्ह असेल तर मी ती तपासणी बूट होताना चालूच देत नाही. कळ दाबून टाळायची, विंडोजमध्ये यायचं आणि आधी CrystalDiskInfo या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये C5 ची ओळ पाहायची. वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा तिथे मोजलेल्या असतात. शून्य असेल तर `chkdsk D: /f` द्यायचं, ते फक्त नोंदवही तपासून दुरुस्त करतं, आणि शेजारी Resource Monitor उघडून Disk मध्ये `chkdsk.exe` किती वाचतंय ते बघायचं. आकडे हलताहेत तोवर पडद्यावरचे टक्के विसरायचे.

ऐरोलीतल्याच एका शिकवणीच्या बाईंचं उदाहरण देते. ५०० जीबीची लॅपटॉपची डिस्क, वर्गाच्या सगळ्या प्रश्नपत्रिका तिच्यावर. त्यांच्या भाच्याने डी ड्राइव्हवर `/r` लावलं आणि चौदा तासांनी चौथ्या टप्प्यात, एकूण २७ टक्क्यांवर असताना मशीन माझ्याकडे आलं. C5 मध्ये 1F8 होतं. तो आकडा दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेला, आपल्या मोजणीत ५०४. तासाभराने पाहिलं तर 210, म्हणजे ५२८. वाचता वाचता खराब जागा वाढत होत्या, म्हणजे तपासणीच डिस्कला आणखी झिजवत असण्याची शक्यता होती. तिथे मी Ctrl+C दिलं. लगेच थांबलं नाही, अडकलेलं वाचन संपायला दहाएक मिनिटं लागली. तेवढी वाट पाहिली, वायर ओढली नाही.

मग डिस्क काढून लिनक्सच्या मशीनला लावली आणि नव्या डिस्कवर प्रत घेतली:

```
ddrescue -f -n /dev/sdb /dev/sdc disk.map
```

आधी जुनी, मग नवी. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते, म्हणून मी दोन्हींचा आकार आणि अनुक्रमांक वाचूनच एंटर दाबते. हे अवघड जागा सोडून पुढे जातं आणि जे सहज मिळतंय ते आधी वाचवतं. तीन तासांत पहिली फेरी झाली. अवघड जागांसाठी `-n` काढून आणि `-d -r3` लावून, त्याच `disk.map` वर दुसरी. मग त्या प्रतीवर `/f` चालवलं, सहा मिनिटांत संपलं. दोन फाइली गेल्या, बाकी सगळं आलं. हाच `/f` मूळ डिस्कवर चालवला असता तर काय झालं असतं, ते मला पाहायचंच नव्हतं.

वाशीकर काका

म्हणजे मी २६ तास थांबलो ते चुकलं का? आत्ता पाहिलं. C5 शून्य आहे, 05 मध्ये 40 आहे.

ऐरोली दुरुस्तीवाली

40 म्हणजे ६४ जागा डिस्कने स्वतःच बदलून घेतल्या आहेत. तुमचं थांबणं चुकलं असं मी म्हणणार नाही, काम पूर्ण झालं हे खरं आहे. पण त्या सहा तासांत C5 किती होतं हे तेव्हा पाहिलं नाही, म्हणून आता कोणालाच सांगता येणार नाही. त्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका आणि हा ६४ चा आकडा महिन्याने पुन्हा बघा.

पाचपाखाडी

माझा उलटा अनुभव. ऑफिसच्या मशीनवर चेकडिस्क चालू असताना दुसऱ्या टप्प्यात वीज गेली. नंतर एक अख्खं फोल्डर गायब आणि `found.000` नावाचं नवंच फोल्डर आलं. आत फाइली होत्या, पण बऱ्याच जणींची नावं गेली होती. एकेक उघडून ओळखायला दोन शनिवार गेले. मध्येच तुटल्यामुळेच हे झालं असं मला आजही वाटतं.

ऐरोली दुरुस्तीवाली

मायक्रोसॉफ्टची माहिती अशी की मध्येच थांबवू नये, पण थांबवल्यामुळे ड्राइव्ह आधीपेक्षा जास्त बिघडायला नको. तुमचं फोल्डर आधीच तुटलेलं असेल आणि चेकडिस्कने सापडलेल्या फाइली तिथे गोळा केल्या असतील. पण Ctrl+C ने थांबवणं आणि लिहीत असताना वीज जाणं एकच नाही. वीज जाताना डिस्कच्या स्वतःच्या स्मृतीतलं लिखाणही जाऊ शकतं. तुमच्या बाबतीत नक्की कोणतं झालं, मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पाचपाखाडी

ठीक. माझं मत मी बदलत नाही, पण तेव्हापासून यूपीएस लावूनच चेकडिस्क करतो.

नेरुळ पूर्व

दर बूटला तीच तपासणी सुरू होऊ नये म्हणून मी `chkntfs /x D:` दिलंय. आता येत नाही. सुटला का प्रश्न?

ऐरोली दुरुस्तीवाली

नाही. ती तपासणी फक्त टळते. `fsutil dirty query D:` देऊन बघा, ड्राइव्ह अजून डर्टीच, म्हणजे तपासणी बाकी असलेलाच, दाखवेल. नंतर ई साठी तोच आदेश वेगळा दिलात तर डी ची सूट रद्द होते, दोन्ही अक्षरं एकत्र लिहावी लागतात. कोलशेतकर, तुमच्या डिस्कचा C5 किती आहे? आणि त्याच यादीत C7 बघा.

कोलशेतकर

बाबांच्या मशीनवर बसूनच लिहितेय. C5 शून्य. 05 शून्य. C7 मध्ये 3A2.

ऐरोली दुरुस्तीवाली

मग पृष्ठभागावर संशय कमी. C7 म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत बिघडलेली देवाणघेवाण. 3A2 म्हणजे ९३०. Event Viewer मध्ये System खाली त्या रात्रीनंतरच्या नोंदींत `153`, म्हणजे डिस्कशी देवाणघेवाण पुन्हा करावी लागल्याची नोंद, आहे का? आणि मशीन बंद करून, प्लग काढून, साटा केबल बदला. जवळच्या दुकानात मिळेल.

कोलशेतकर

`153` च्या अठरा नोंदी आहेत, सगळ्या Disk 1 च्या, आणि ती डी वालीच आहे. आज संध्याकाळी नौपाड्यातून केबल आणली. जुनीचं टोक डिस्कच्या बाजूला सैल होतं, हात लावताच हललं. नवी लावून `chkdsk D: /f` दिलं, चार मिनिटांत संपलं. C7 अजून 3A2 च आहे.

ऐरोली दुरुस्तीवाली

तो आकडा कमी होत नाही, वाढला नाही म्हणजे पुरे. आठवडाभर वापरा आणि मग सांगा.