मदत हवी आहे: आठवा आठवडा, पाणीसुद्धा पोटात टिकत नाहीये, थांबू की आजच नेऊ?

कोरीपाटी:
बायको गरोदर आहे, आठवा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. दोन आठवडे उलट्या होत्याच पण त्या सकाळच्या, दुपारी थोडंफार जेवायची. परवापासून कोरडं बिस्किट पण बाहेर येतंय आणि कालपासून तर पाणी प्यायली की दहा मिनिटांत तेच परत. काल नऊ वेळा झालं, शेवटी नुसतं पिवळं कडू. घरचे म्हणतायत होतंच असं, तीन महिने काढायचे. अपॉइंटमेंट सहा दिवसांनी आहे. तोवर थांबलं तर चालेल का?

माजघर:
अहो घाबरू नका, उलट्या होतायत म्हणजे गर्भ नीट रुजलाय. उठायच्या आधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खायला द्या, पोट रिकामं ठेवू नका, आलं चघळायला द्या. औषध मात्र तीन महिने अजिबात नको.

रातपाळी:
मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. माजघर ताई, कोरडं आणि थोडं थोडं खाणं बरोबर आहे, पण ते जिच्या पोटात काही टिकतं तिच्यासाठी. आणि औषध नकोच हे काही खरं नाही, त्यावर नंतर येते.
दादा, उलट्या किती झाल्या ते जरा बाजूला ठेवा. शेवटची लघवी किती वाजता झाली आणि रंग कसा होता? आधीचं वजन किती, आज किती? उभी राहिली की डोळ्यापुढे अंधारी येते का? पोटात दुखणं, ताप, लघवीला जळजळ?

सायलेंटमोड:
मला सातव्या महिन्यात असंच आंबट पाणी यायचं, उशी उंच केल्यावर बरं वाटलं. ट्राय करा.

कोरीपाटी:
लघवी काल रात्री अकराला, आत्ता दुपारचे बारा वाजलेत, अजून नाही. रंग कडक चहासारखा होता. वजन आधी 54, आज 51. बाथरूमपर्यंत भिंत धरून जाते. ताप, दुखणं, जळजळ काही नाही.

रातपाळी:
मग आजच न्या, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. तेरा तास लघवी नाही म्हणजे अंगात पाणीच उरलेलं नाही, आम्ही आठ तासांनाच सावध होतो. 54 मधले 3 किलो म्हणजे साडेपाच टक्के, आणि पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की त्याला साधी मळमळ म्हणत नाहीत. यात आल्याचा काही उपयोग नाही.
तिथे एक गोष्ट आवर्जून सांगा, किती दिवस खाल्लेलं टिकलेलं नाही ते. अशी पेशंट आली की आधी सलाईन लावतात, ग्लुकोज द्यायचंच असेल तर त्याआधी व्हिटॅमिन बी वन देतात. बरेच दिवस उलट्या झाल्या की शरीरातलं बी वन संपत आलेलं असतं, त्यात एकदम ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो. क्वचित होतं, पण विचारायला काय जातंय. सोनोग्राफी झाली नसेल तर तीही करतील, जुळं असलं की उलट्या जास्त असतात.

अर्धविराम:
आमच्या वहिनीला, उपाशी राहिलं की लघवीत येतात ते कीटोन निगेटिव्ह म्हणून परत पाठवलं होतं, दोन दिवसांनी तिला ॲडमिट करावं लागलं!

रातपाळी:
हो, असं होतं. कीटोनवरून किती सिरियस आहे ते ठरवू नये असं आता सांगतात, पण सवय जात नाही लोकांची.

माजघर:
पण पहिल्या तीन महिन्यांत गोळ्या खरंच चालतात?

रातपाळी:
डॉक्सिलामाईन आणि बी सिक्सची एकत्र गोळी कित्येक दशकं देतायत, झोप येते तेवढंच. ओन्डान्सेट्रॉनचं मात्र जरा वेगळं आहे, बाळाची टाळू फाटायचा अगदी किंचित वाढलेला धोका काही अभ्यासांत दिसला, काहींत नाही, म्हणून बरेच डॉक्टर आधी दुसरं देऊन बघतात. पण पाणीही टिकत नसेल तर न देण्याचाही धोका आहेच ना.

कोरीपाटी:
ॲडमिट केलं. पोटॅशियम कमी आलं, सलाईनमधून देतायत. बी वनचं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या आधीच लिहिलंय. सोनोग्राफीत एकच आहे, ठोके दिसले. दुसरी बाटली संपत आली तेव्हा रात्री नऊला लघवी झाली, फिकट. ती म्हणाली तू लघवीचा रंग बघून एवढा खूश झालेला पहिलाच माणूस असशील.

कोरीपाटी:
परवा डिस्चार्ज झाला. आज गोळी घेतल्यावर वीस मिनिटांत उलटी झाली, गोळी त्यात दिसली नाही. परत द्यायची का? रातपाळी ताई, आहात का?

अर्धविराम:
वहिनीला अर्ध्या तासाच्या आत झाली तर परत घ्या सांगितलं होतं, पण तिची गोळी वेगळी होती. वॉर्डला फोन करून विचारा, मनाने देऊ नका. आणि पाणी टिकतंय का आज?

कोरीपाटी:
दर पाच मिनिटांनी दोन चमचे देतोय, तेवढं राहतंय. फोन लावतो.