शब्दचर्चा: 'कटऑफ', 'उतार' आणि 'फेज मार्जिन' आलेखावर नेमके कुठे वाचायचे?

मृण्मयी
डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत प्रयोगाचं टिपण लिहिते आहे. साधा लो-पास फिल्टर आहे, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. आलेखात वर डीबीची रेषा, खाली फेजची. जर्नलमध्ये तीन रकाने छापून आलेत: कटऑफ, उतार, फेज मार्जिन. पहिल्या दोन रकान्यांत मुलं काहीतरी भरतात. तिसऱ्यात बहुतेक जण '१३५ अंश' लिहितात, कारण कटऑफला फेज उणे ४५ दिसते आणि १८० मधून ४५ गेले की १३५ उरतात. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कटऑफला 'छेद वारंवारता' म्हटलं तर चालेल का? आणि मार्जिनला मराठीत काय म्हणावं म्हणजे हा १३५ चा प्रकार थांबेल? की १३५ बरोबरच आहे?

प्रसाद_के
बरोबर आहे की. मार्जिन म्हणजे उणे १८० पर्यंत उरलेलं अंतर. उणे ४५ वर उभे असाल तर १३५ उरले. 'शिल्लक' म्हणा, सोपं पडेल.

बापट काका
कटऑफ वाचून आलो, वाटलं प्रवेशाच्या याद्या लागल्या. नातू बारावीला आहे. चुकीच्या धाग्यावर आलो बहुतेक.

लोलक
काका, तुम्ही चुकीच्या धाग्यावर आला असाल, पण मुलांच्या डोक्यातला गोंधळ तुम्हीच बाहेर काढलात. प्रवेशाच्या कटऑफमध्ये एक गुण कमी पडला की दार बंद. फिल्टरच्या कटऑफला असं दार नसतं. मृण्मयीताईंच्या फिल्टरचा कटऑफ असा निघतो:

```
fc = 1/(2*pi*R*C) = 1/(2*pi*10e3*10e-9) ≈ 1592 Hz
```

१०० मिलिव्होल्टचा सिग्नल १५९२ हर्ट्झला आत दिला तर बाहेर ७१ मिलिव्होल्ट येतात. काहीही 'कापलं' जात नाही, फक्त शक्ती निम्मी होते. म्हणून 'छेद' शब्द मला नको वाटतो, तो पुन्हा दारच उभं करतो. आमच्या जुन्या लॅबमध्ये सगळे 'कोपरा' म्हणायचे, कारण आडवी रेषा आणि उतरती रेषा सरळ वाढवल्या तर त्या तिथेच एकमेकींना भेटतात.

आणि टिपणात एक वाक्य नक्की घाला: उणे ३ डीबी हे अक्षावरच्या शून्यापासून मोजायचं नाही, रेषेच्या सपाट भागापासून मोजायचं. तुमच्या फिल्टरचा सपाट भाग शून्यावरच आहे म्हणून फरक कळत नाही. उद्या याच फिल्टरमागे दहापट गेनचा ऑप-अँप लावला तर सपाट भाग २० वर जाईल आणि कटऑफ १७ वर वाचावा लागेल. उणे ३ वर वाचणारा कितीतरी पुढच्या वारंवारतेला बोट ठेवेल.

घुमटवाला
मी स्पीकर बांधतो, त्यामुळे मला 'सपाटापासून ३ खाली' हे सरसकट पटत नाही. माझा क्रॉसओव्हर २ किलोहर्ट्झचा, लिंकविट्झ-रायली, २४ डीबी पर ऑक्टेव्ह. २ किलोहर्ट्झला वूफरही ६ डीबी खाली असतो आणि ट्विटरही. दोघांचे आवाज जुळून बेरीज सपाट यावी म्हणून तो तसाच बांधलेला असतो. मग माझा कटऑफ कुठला, २ किलोहर्ट्झ की त्याच्या अलीकडे जिथे ३ डीबी पडतात तिथला?

लोलक
तुमच्यापुरता २ किलोहर्ट्झच, कारण तुमच्या धंद्यात तो आकडा 'दोघे कुठे भेटतात' हे सांगतो. चेबिशेव्ह फिल्टरवालेही बऱ्याचदा ३ डीबी धरत नाहीत. त्यांच्या सपाट भागात मुळातच लहरी असतात, त्यामुळे रेषा ज्या ठिकाणी लहरीची हद्द सोडून कायमची खाली जाते तिथे ते कटऑफ धरतात. आलेखावर 'कटऑफ' लिहिलेलं दिसलं की कुठल्या पडझडीला धरलाय हे विचारायचं. शब्दात ते येत नाही.

मृण्मयी
म्हणजे टिपणात 'इथे ३ डीबीचा कटऑफ धरला आहे' असं लिहावं लागणार. ठीक. आता उतार. सिद्धांत २० डीबी पर डिकेड सांगतो आणि मुलांचा दरवेळी १७ येतो. दोन गट तर म्हणाले, कपॅसिटर खराब आहे.

लोलक
कपॅसिटर ठणठणीत आहे. ती कटऑफपासून मोजायला सुरुवात करतात, म्हणून १७ येतो. १५९२ हर्ट्झला रेषा उणे ३ वर असते, दहापट पुढे १५.९ किलोहर्ट्झला उणे २० वर. फरक १७. कोपऱ्याजवळ रेषा अजून वळते आहे, तिला खरा उतार लागलेला नाही. एक डिकेड पुढे सरकून मोजायला सांगा: १५.९ किलोहर्ट्झला उणे २०, १५९ किलोहर्ट्झला उणे ४०. ऑक्टेव्हने मोजलं तरी हेच होतं. कटऑफ ते त्याच्या दुप्पट या टप्प्यात फक्त ४ डीबी पडतात, पुढे जाऊन ६ होतात.

उलट्या टोकालाही सांभाळा. फार खाली गेलात की सिग्नल स्कोपच्या नॉइजमध्ये बुडतो आणि रेषा आडवी झाल्यासारखी दिसते. तिथे उतार मोजला तर फिल्टरचा नव्हे, स्कोपचा मोजला. उणे ४० ला ती वेळ बहुधा येत नाही, उणे ७० ला येऊ शकते.

प्रसाद_के
उतार पटला. पण १३५ वर कोणीच बोललं नाही.

लोलक
बोलतो. तुमची वजाबाकी चोख आहे, पण मार्जिन विचारण्यासाठी लूप लागतो आणि या फिल्टरमध्ये लूपच नाही. बाहेर आलेला सिग्नल परत आत कुठे येतो? कुठेच नाही. त्यामुळे तो अस्थिर होणं शक्यच नाही आणि 'अस्थिरतेपासून किती लांब' या प्रश्नालाही अर्थ उरत नाही. शिवाय मार्जिन कटऑफला वाचत नाहीत. लूप गेनची रेषा शून्य डीबी ओलांडते तिथे वाचतात, म्हणजे लूपमधून फिरून आलेला सिग्नल गेला तेवढाच परत येतो तिथे. तुमच्या रेषेचा सपाट भागच शून्यावर आहे, ती ओलांडते कुठे?

तोच आरसी फिल्टर लूपच्या आत बसवून बघा. ऑप-अँप बफर म्हणून जोडलाय, गेन-बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ, आतला आउटपुट रेझिस्टन्स १०० ओहम धरू. आउटपुटला लांब केबल म्हणून १० नॅनोफॅरड लावले. १०० ओहम आणि १० नॅनो मिळून १५९ किलोहर्ट्झचा लो-पास झाला. बाहेर असता तर 'कटऑफ १५९ किलोहर्ट्झ' एवढं म्हणून विषय संपला असता. पण फीडबॅक या फिल्टरनंतर घेतला आहे, म्हणून तो लूपचा भाग आहे.

आता लूप गेनची रेषा बघा. ऑप-अँपमुळे ती आधीपासून २० च्या उताराने येते, १५९ किलोहर्ट्झनंतर ४० च्या उताराने पडते आणि साधारण ३८३ किलोहर्ट्झला शून्य डीबी ओलांडते. तिथे खालची रेषा वाचा. ऑप-अँपचे उणे ९०, या फिल्टरचे उणे ६७, बेरीज उणे १५७. उणे १८० पर्यंत २३ अंशच उरले. हे मार्जिन. इनपुटला पायरी दिली तर आउटपुट पहिल्या उडीत ५० टक्क्यांच्या वर जास्त उसळतो आणि बराच वेळ हलत राहतो. बफरचा स्वतःचा आलेख काढलात तर ३८३ किलोहर्ट्झच्या आसपास ८ डीबीचा उंचवटा दिसतो. लूप उघडता येत नसेल तर मार्जिन कमी असल्याचा सुगावा या उंचवट्यावरूनच लागतो.

प्रसाद_के
म्हणजे डीबीची रेषा ४० च्या उताराने शून्य ओलांडताना दिसली की घाबरायचं?

लोलक
ढोबळ मानाने हो, २० च्या उताराने ओलांडली तर सहसा निभावतं. पण नुसत्या वरच्या रेषेवर विसंबू नका, कारण फेज आधीपासून सरकायला लागते. कटऑफच्या दहाव्या हिश्श्याला वरची रेषा अजून सपाट दिसते, ०.०४ डीबीचा फरक कोणाला दिसणार, पण फेजचे जवळजवळ ६ अंश गेलेले असतात. असे चार-पाच फिल्टर 'लांब आहेत' म्हणून लूपमध्ये ठेवले की पंचवीस-तीस अंश गुपचूप जातात. वरच्या उदाहरणात ऑप-अँपचा स्वतःचा दुसरा पोल मी धरलाच नाही, खऱ्या भागात २३ पेक्षाही कमी निघेल.

उपाय विचाराल तर केबलआधी १०० ओहम लावा आणि फीडबॅक त्याच्या अलीकडून, ऑप-अँपच्या पायापासून घ्या. याच हिशोबाने मार्जिन ८० च्या आसपास जातं.

सर्किट_सुलभा
मी पॉवर सप्लाय टेस्टिंगला असते. आमच्या अॅनालायझरवर लूपची फेज १८० पासून सुरू होऊन खाली येते आणि शून्य डीबीला जो आकडा दिसतो तेच मार्जिन, काही वजा करायचं नाही. तुम्ही 'उणे १८० पासून मोजा' असं मुलांच्या गळी उतरवाल आणि ती आमच्याकडे आली की ५० अंश मार्जिनच्या सप्लायला २३० लिहितील. आलेले आहेत असे.

लोलक
तुमच्या यंत्रात लूपच्या सगळ्या फेऱ्याची फेज मोजली जाते, फीडबॅकची उलट खूणही त्यात आली. पुस्तकातला आलेख ती खूण वगळून काढतात. दोन्ही बरोबर. डाव्या टोकाला रेषा कुठून निघते ते आधी बघायचं, शून्याजवळून की १८० वरून. मी मात्र शिकवताना उणे १८० वालाच आलेख घेतो, त्यात धोका कुठे आहे ते दिसतं.

सर्किट_सुलभा
आणि मी घेणार नाही. नोकरीत जे यंत्र समोर येतं तेच शिकवावं.

मृण्मयी
या भांडणात मी दोन्ही आलेख छापते. तिसरा रकाना मात्र आरसीच्या प्रयोगातून काढून बफरच्या प्रयोगात टाकते. 'कोपरा' घेतला. मार्जिनला 'फेज शिल्लक' लिहू? 'कला' लिहिलं तर मुलांना चित्रकला आठवते.

घुमटवाला
'फेज शिल्लक' चालेल. पण माझ्या क्रॉसओव्हरला 'कोपरा' म्हणणार नाही, तिथे रेषा ६ डीबी खाली असते, कोपरा कसला?

बापट काका
नातवाला वाचायला दिलं. तो विचारतोय, ४५ अंश शिल्लक असली तर पास का?

लोलक
पास, पण काठावर. पायरी दिली की थोडं उसळेलच. ६० ठेवायला सांगा, केबल बदलली की त्यातले काही जातात.