पासपोर्टची फाइल पोलिसांकडेच अडकली आहे का? पुढे काय करावं?

शिंपले: नमस्कार मंडळी. भावाचा नवीन पासपोर्ट आहे, साधा अर्ज, तत्काळ नाही. सेवा केंद्रात कागदपत्रं तपासून झाली, पण ऑनलाइन पाहिलं की "Police Verification initiated" असंच दिसतंय. महिना उलटून गेला. घरी कोणी आलं नाही की फोन नाही. रोज साइट उघडून बघण्यापलीकडे काय करता येईल?

रानवारा: थेट माहिती अधिकार टाका. सगळे हलतात.

कोकणकडा_७: माझ्या मुलीचं नॉन-क्रिमी लेयर असंच रखडलं होतं. मुदत संपल्यावर 'आपले सरकार'वर अपील केलं आणि दाखला मिळाला. तुम्हीही अपील करा की.

जुना_कारकून: कोकणकडा, ते राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्याचं, २०१५ चं. पासपोर्ट हा केंद्र सरकारचा विषय, तिथे ते अपील चालत नाही.

शिंपले, "initiated" याचा अर्थ पासपोर्ट कार्यालयाने त्यांचं काम करून फाइल पोलिसांकडे धाडली आहे. आता कार्यालयात कितीही फोन केले तरी ते एवढंच सांगणार की अहवालाची वाट बघतोय. अहवाल पोहोचला की "Under Review" दिसायला लागतं. ते आलं की मग विचारायचं ते कार्यालयाला. म्हणून आधी हे ठरवा की फाइल कोणाच्या टेबलावर आहे.

तुम्हाला नेमकं काय दिसतंय तेही नीट बघा. ट्रॅक करताना पावतीवरचा पंधरा अक्षरी फाइल नंबर आणि जन्मतारीख टाकायची. बरेच जण अपॉइंटमेंट घेतानाचा ARN टाकतात आणि "जुळत नाही" म्हणून घाबरतात.

शिंपले: फाइल नंबरच टाकतोय. पोलीस ठाण्यात विचारलं, तर तिथल्या हवालदारांनी रजिस्टर उलटंपालटं केलं आणि म्हणाले, तुमच्या नावाचं काही आलेलंच नाही.

जुना_कारकून: मग गोष्ट निराळी. पोर्टलवर लॉगिन करून भरलेला फॉर्म उघडा आणि सध्याच्या पत्त्याखाली कोणतं पोलीस ठाणं आहे ते बघा. ते यादीतून निवडावं लागतं. शेजारच्या ठाण्याचं नाव निवडलं गेलं की फाइल तिकडे जाते, तिथले लोक पत्ता आपल्या हद्दीत नाही म्हणून बाजूला ठेवतात, आणि इकडे स्टेटस ढिम्म हलत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचं हे फार होतं, कारण दोन ठाण्यांची हद्द कुठे बदलते ते त्यांना ठाऊकच नसतं.

शिंपले: बघितलं. खरंच शेजारचं ठाणं आहे! फॉर्म सायबरवाल्याने भरला होता. आता नवीन अर्ज करू का?

तिन्हीसांज: तत्काळ करून टाका, एवढी कटकट कशाला? माझं त्यात लवकर झालं.

जुना_कारकून: आधीची फाइल उघडी असताना दुसरी टाकण्याच्या फंदात पडू नका, उगाच दोन्ही लटकतात. फाइल नंबर, पावतीची झेरॉक्स आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या पासपोर्ट शाखेत जा. शहर असेल तर आयुक्तालयात. पासपोर्ट कार्यालयाकडून आलेली फाइल तिथूनच ठाण्यांना वाटली जाते, त्यामुळे योग्य ठाण्याकडे वळवायचीही तिथूनच. साध्या कागदावर अर्ज लिहून न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही.

रानवारा: आणि माहिती अधिकार?

जुना_कारकून: तो टाका, पण त्याने फाइल सरकेल असं नाही, ती कुठे आहे ते कळतं. "माझा पासपोर्ट कधी मिळेल?" असं विचारू नका. अहवालासाठी फाइल कोणत्या तारखेला पाठवली, अहवाल कधी आला, त्यात शेरा काय, असं विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तराच्या तयारीत कोणीतरी फाइल उघडून बघतो, तेवढाच बोनस. तक्रारच करायची तर pgportal.gov.in वर.

मधुमालती: थोडी भर. अहवाल प्रतिकूल गेला तर पासपोर्ट कार्यालय पत्र किंवा मेल पाठवून खुलासा मागतं. भावाचा मेल आणि स्पॅम दोन्ही तपासत राहा. आमच्याकडे पोलीस आले तेव्हा घराला कुलूप होतं, आणि "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा पडला. मग पासपोर्ट कार्यालयात चौकशीची वेळ घेऊन पडताळणी पुन्हा करायला लावली.

शिंपले: आयुक्तालयात अर्ज दिला, शिक्का मिळाला. तिथले साहेब म्हणाले, फाइल वळवतो. पण शेजारच्या टेबलावरचे म्हणतात, पासपोर्ट कार्यालयाने फाइल नव्याने पाठवल्याशिवाय ठाणं बदलत नाही. कोणाचं खरं मानू?

जुना_कारकून: दोन्ही प्रकार बघितलेत. आठवडाभराने बरोबर असलेल्या ठाण्यात जाऊन फाइल नंबर सांगून विचारा. तिथे आली नसेल तर पासपोर्ट कार्यालयात चौकशीची वेळ घ्या आणि तो शिक्क्याचा कागद सोबत न्या.