थांबायची खूण संहितेतच लिहा

>बालनाटकात प्रेक्षकांना ‘वाघ कुठंय?’ विचारलं की पहिली-दुसरीची पोरं ओरडतात ती थांबतच नाहीत. पुढचे संवाद बुडतात. काय करावं?

कोथरूडच्या आमच्या प्रयोगात हेच झालं होतं. मग पहिल्याच प्रवेशात आजीच्या हाती काठी दिली: काठी वर गेली की ओरडायचं, जमिनीला टेकली की तोंडावर बोट. वाघ येण्याआधी आजी हे दोनदा करून घेते, आणि एकदा काठी अर्ध्यातच थांबवून फसवते. (पोरं यावर जाम खूश!)

प्रश्नाचं उत्तरही एकाच शब्दाचं हवं, ‘मागे!’सारखं. ‘आता मी काय करू?’ विचारलंत तर पन्नास उत्तरं येतील. काठी टेकल्यावरचं पहिलं वाक्य मात्र बिनकामाचं ठेवा, ते गोंगाटात जातंच.