मदत हवी आहे: मराठी मजकूर चौकटीबाहेर जातोय

इंग्रजीतून मराठीत केलेलं ४२ स्लाइडचं पॉवरपॉइंट उद्या द्यायचंय. कॅट टूलमधून फाइल बाहेर काढली की मजकूर चौकटीबाहेर लोंबतो. Shrink text on overflow चालू आहे, पण चौकटीत जाऊन एखादं अक्षर टाइप करून पुसल्याशिवाय ते जागं होत नाही. आणि झालं की ओळींमधलं अंतरही दाबतं, मग ‘पूर्ती’तला ऊकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांसाठी’च्या अनुस्वारावर चढतो. इंग्रजीत हे खपून जातं, आपल्याकडे नाही.

त्यात मूळवाल्याने Shift+Enter मारून वाक्यं तोडलेली, ती तर हातानेच जोडतेय.

ऑटोफिट बंद करून फॉन्ट २०चा १८ करणं, हाच मार्ग आहे का? सगळ्या स्लाइडवर एकदम कसं करता येईल?