अनुभव धागा: चॅनलसाठी विषय किती लहान केलात?

निवांत

चॅनल काढणार हे दोन वर्षांत सगळ्यांना सांगून झालंय, फक्त चॅनल तेवढं निघालेलं नाही. गाडी विषयापाशी अडते. मला लाकूडकाम येतं, थोडं बागकाम येतं, सायकल उघडून परत जोडता येते. जो तो सांगतो, निश घ्या, विषय लहान करा. पण किती लहान? आणि लहान करताना तोलायचं काय? आपल्याला काय येतं, लोक काय विचारतात, की आपण किती टिकू? ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा, फसलं असलं तरी लिहा. कॅमेरा-माइकची चर्चा मात्र नको.

वामकुक्षी

लहानच घ्या. लोकांना वेळ नाही. मी एक मिनिटाच्या वर जातच नाही, माझे सगळे शॉर्ट्स आहेत आणि मस्त चाललेत.

निवांत

दादा, विषय लहान म्हणालो, व्हिडिओ लहान नव्हे.

टाकेदोरा

मी सोळा वर्षं शिवण शिकवते. पहिलं चॅनल काढलं त्याचा विषय होता ‘शिवणकाम’. चौदा व्हिडिओ टाकले: पिशवी, उशीचा अभ्रा, फ्रॉक, चेन लावणे. सगळं मला येत होतं, हात बसलेला होता. तरी प्रत्येक व्हिडिओला वेगळाच माणूस यायचा. अभ्र्यासाठी आलेल्याला फ्रॉकशी काय देणंघेणं? चौदा दुकानं मांडल्यासारखं झालं आणि गल्ल्यावर मी एकटी.

मग थांबले. वर्ग सुटल्यावर मुली फोन करून काय विचारतात ते तीन महिने वहीत लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. मला वाटलं होतं कटिंगचे प्रश्न जास्त निघतील. निघाले मशीनचे. ‘खालून दोऱ्याचा गुंता होतो.’ ‘मधेच टाके सुटतात.’ ‘सुई तुटली, दुसरी लावली, तीही तुटली.’ मग इनकॉग्निटो विंडो उघडून यूट्यूबच्या शोधपेटीत ‘शिलाई मशीन’ लिहिलं आणि पुढे एकेक अक्षर टाकत गेले. इनकॉग्निटो अशासाठी, की नाहीतर आपण आधी शोधलेलंच तो आपल्याला परत सुचवतो. वहीतल्या बऱ्याच तक्रारी तिथे जशाच्या तशा आल्या.

आता महत्त्वाचं. या तक्रारींवर व्हिडिओ होतेच, आणि चांगले होते. पण ते मेकॅनिक लोकांचे. खालचा गुंता म्हटला की ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन बॉबिन केस उघडतात. गुंता खाली दिसतो म्हणून दोष खालीच असणार असं नवशिक्यालाही वाटतं. पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबणारा फूट खाली असताना दोरा ओवला, की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही, वरून ताण मिळत नाही आणि सगळा दोरा खाली जमा होतो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून परत ओवा, झालं. मेकॅनिकचा हात ओवताना आपोआप फूट वर करतो, त्यामुळे हे सांगायला हवं असं त्याला सुचतच नाही. आणि मुलींना ते विचारायचं असतं हेच ठाऊक नसतं.

मी मेकॅनिक नाही. सुई आणि हुकाचं टायमिंग बिघडलं तर मला दुरुस्त करता येत नाही. पण नवशिक्याचा हात कुठे चुकतो ते मला झोपेतही सांगता येईल. म्हणून विषय ठरला, ‘मशीन न उघडता सुटणाऱ्या तक्रारी’. जिथे माझं ज्ञान संपतं तिथेच विषयाची सीमा आखली.

उलटीखिडकी

शेवटचं वाक्य पटलं. माझं नेमकं उलटं झालं. मला येत होतं, लोक विचारत होते, आणि मीच टिकलो नाही. विषय स्प्रेडशीट, त्यातही फक्त हिशोबाचे तक्ते. ऑफिसात लोक माझ्या टेबलापाशी उभे राहून विचारायचे, म्हणजे प्रश्नांचा तोटा नव्हता. अकरा व्हिडिओ केले आणि संपलं. दिवसभर जे करतो तेच घरी येऊन परत करायचं, वर हसऱ्या आवाजात. पहिल्या व्हिडिओला सहा तास लागले होते, अकराव्यालाही सहाच. तास उतरत नाहीत हे तिसऱ्या-चौथ्यालाच दिसत होतं, पण मी बघितलं नाही.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. सॉफ्टवेअरचे मेनू बदलतात. वर्षभरात खाली कॉमेंट यायला लागल्या, ‘हे बटण माझ्याकडे दिसत नाही’. म्हणजे नवे करायचे ते करायचेच, शिवाय जुनेही परत करायचे. टाकेदोरांचा फूट दहा वर्षांनीही तसाच वर होईल.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो, पाच व्हिडिओ करा आणि एकही टाकू नका. प्रत्येकाचे तास लिहून ठेवा. सहावा करायला आपण होऊन बसलात तर पुढचं बोलू.

अडीचघर

सगळे उगाच अवघड करताय. ज्या विषयावर एकही व्हिडिओ नाही तो घ्यायचा, बास. मी बुद्धिबळात फक्त हत्तींच्या अंतिम डावांवर करतो, तेही मराठीत. शोधलं की पहिला मीच येतो.

टाकेदोरा

पहिले येता, पण शोधतं किती जण? व्हिडिओ नाही याचे दोन अर्थ होतात. कुणी केला नाही, किंवा कुणी विचारलाच नाही. शोधपेटीत पाच-सहा प्रकारे लिहून बघा. एकही सूचना येत नसेल तर दुसरी शक्यता जास्त.

अडीचघर

सूचना येत नाहीत, खरं आहे. गूगल ट्रेंड्समध्ये यूट्यूब सर्च निवडून पाहिलं, तिथेही पुरेशी माहिती नाही असंच येतं. वर्षात १८० सबस्क्रायबर झाले.

उलटीखिडकी

ट्रेंड्समध्ये रिकामं दिसलं म्हणजे शून्य असं नाही हं. शोध फार थोडे असले तरी तो आलेख काढत नाही. लहान विषयांना ते साधन तसं निरुपयोगीच.

अडीचघर

पण हे १८० लोक दर आठवड्याला येतात. परवा एकाने माझी चाल चुकीची आहे हे दहा ओळींत सिद्ध करून दाखवलं. माणसं गोळा झालीत, एवढं तरी माना.

टाकेदोरा

मानते, आणि तिथेच माझं घोडं अडलं होतं, म्हणून उरलेली गोष्ट सांगते.

मशीनच्या तक्रारींवर नऊ महिने काढले. व्ह्यूज पहिल्या चॅनलच्या कितीतरी पट. ट्रॅफिक सोर्समध्ये सगळ्यात वर यूट्यूब सर्च, म्हणजे लोक शोधूनच येत होते. पण सबस्क्रायबर हलेनात, आणि ‘परत येणारे प्रेक्षक’ ही रेघ जमिनीला चिकटलेली. साहजिकच आहे. ज्याचं दुखणं थांबलं तो वैद्याच्या दारात कशाला बसेल? आणि त्याच सुमारास विषयही आटला. सुरुवातीला मी शीर्षकांची यादी केली होती. तेवीस झरझर आली, पुढची आठ ओढूनताणून. ती आठ म्हणजे आधीच्याच तक्रारींना नवे कपडे होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

उत्तर कॉमेंटमध्ये पडलेलं होतं. गुंता सुटलेल्या बाईने खाली लिहिलं होतं, ‘झालं! पण आता ताणणारं कापड शिवताना टाके सुटतात.’ हा तिचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मशीनमध्ये नाही, सुईत आहे. होजिअरीसारख्या कापडाला गोल टोकाची सुई लागते, नेहमीच्या टोकदार सुईने टाका चुकतो. मग ती विचारणार, सुईवरचे आकडे कसे वाचायचे? ९० आणि १४ दोन्ही का लिहिलंय? आणि मग, जाड कापडाला कुठली? एकाच माणसाचे एकामागून एक प्रश्न, आणि ते मशीनच्या तक्रारींच्या कुंपणाबाहेर जात होते.

मग मी विषय बदलला नाही, कुंपण बदललं. तक्रारीभोवती आखलेलं काढलं आणि माणसाभोवती आखलं: जिने पहिलंच मशीन घेतलंय तिचं पहिलं वर्ष. पूर्वीचे सगळे व्हिडिओ त्यात बसले आणि यादी सत्तरपर्यंत गेली, न ओढता. परत येणाऱ्यांची रेघ हळूहळू उचलली. फार नाही, पण उचलली.

वामकुक्षी

म्हणजे विषय मोठा केलात की लहान?

टाकेदोरा

तेच अजून मला कळत नाही. माणूस एकच ठेवला एवढं खरं.

वामकुक्षी

आणि माझे शॉर्ट्स?

टाकेदोरा

एखादा प्रश्न चालतो का हे वीस सेकंदांत चाचपून बघायला छान. पण जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबरबरोबर बारा महिन्यांत बघितलेले ४००० तास लागतात, त्यात शॉर्ट्स फीडमधला वेळ धरत नाहीत. शॉर्ट्सचा वेगळा रस्ता आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. तेवढे होत असतील तर माझं ऐकू नका.

निवांत

मग माझं बघा. लाकूडकाम माझं सगळ्यात आवडतं.

टाकेदोरा

आपण होऊन तुम्हाला कोण काय विचारतं?

निवांत

लाकूडकामावर कुणी काही विचारत नाही. ‘वा, छान’ म्हणतात. सायकलसाठी मात्र दार वाजतं. ‘गिअर आपोआप बदलतो’, ‘ब्रेक घासतो’. गिअरचं बहुतेकदा मागच्या केबलचा ताण सैल झालेला असतो. साखळी एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या डिरेलरजवळचा ॲडजस्टर पाव-पाव फेरा फिरवत जायचं, पॅडल मारून बघायचं. दोन मिनिटांचं काम. महिन्याभराने तोच माणूस येतो, आता साखळी घसरते म्हणून. मग साखळी मोजली की ताणलेली निघते. तोवर उशीर झाला असेल तर मागची दातेरी चाकंही झिजलेली असतात, नुसती साखळी बदलून भागत नाही.

टाकेदोरा

बघा, दुसरा प्रश्न आणि तिसरा प्रश्न, एकाच माणसाचे.

निवांत

पण सायकल दुरुस्तीचे इतके व्हिडिओ आहेत! आणि ते लोक सायकल स्टँडवर टांगून, भिंतभर हत्यारं लावून करतात. माझ्याकडे षट्कोनी किल्ल्यांचा एक संच आणि एक पान्हा.

उलटीखिडकी

बघणाऱ्याकडेही तेवढंच असतं, नाहीतर तो व्हिडिओ कशाला बघेल? मला शंका वेगळीच येते. बिघाड कुठून आणणार? टाकेदोरांकडे वर्गभर बिघडलेली मशीनं येतात. मी तर बिघाड फाइलमध्ये हवा तेव्हा तयार करायचो. तुमच्याकडे सायकली किती?

निवांत

दोन. दोन्ही ठणठणीत.

उलटीखिडकी

मग सहाव्या व्हिडिओला कच्चा माल संपला. मुद्दाम ढिला केलेला ब्रेक आणि खरोखर बिघडलेला ब्रेक यातला फरक कॅमेऱ्यात दिसतो.

अडीचघर

काही दिसत नाही. मीही डाव मांडूनच दाखवतो की.

उलटीखिडकी

तुमची सोंगटी झिजत नाही, दादा.

निवांत

दहा दिवसांनी लिहितोय. दारावर येणाऱ्या सायकलींची वही केली. काम फुकट करतो, पण चित्रीकरण करू द्यायचं अशी अट घातली. सात नोंदी झाल्या. एक व्हिडिओही केला, साडेचार तास गेले, टाकलेला नाही. अडचण अशी की सातपैकी चार नोंदी एकाच माणसाच्या आहेत. हे चार प्रश्न धरायचे की एकच गिऱ्हाईक?

टाकेदोरा

चार प्रश्न कुठल्या क्रमाने आले ते आधी सांगा.

अडीचघर

बघणारही तो एकटाच.