मदत हवी आहे: बँकेला 'पुढचा कॅश फ्लो' हवा आहे, सीएंनी मागच्या वर्षाचा दिला. दोन्हींत फरक काय?

अक्कलकोट_रोड

नमस्कार. एमआयडीसीत टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. बँकेत दहा लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट आहे. दिवाळीआधी लिमिट थोडी वाढवून मागितली, तर बँकेने पुढच्या तीन महिन्यांचा कॅश फ्लो मागितला. सीएंनी ताळेबंदासोबतचं कॅश फ्लो स्टेटमेंट पाठवलं. त्यात नफा ६.४ लाख, घसारा मिळवला ३.१ लाख, उधारी वाढली म्हणून वजा ४.८ लाख, असं करत शेवटी धंद्यातून आलेली रोकड ४.२ लाख. बँकेने ते परत पाठवलं.

प्रश्न असा की यातलेच आकडे १० टक्के वाढवून, बाराने भागून दिले तर चालेल का? आणि वर्षाला ४.२ लाख शिल्लक दिसत असताना दर दिवाळीला बोनससाठी धावपळ का होते?

कसब्यातला

फॉरमॅट तोच असतो हो, फक्त वर्ष बदलायचं. बँक विकीत किती वाढ धरली तेवढंच बघते. वसुलीला ४५ दिवस धरा. उद्यम नोंदणी आहे ना? मग लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेच लागतात, कायदाच आहे. शीट एकदम छान दिसेल.

हिशेबी

छान दिसेल, पण पैसे येणार नाहीत. ४५ दिवसांचा नियम खरा आहे. तेवढ्यात पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल तेव्हाच धरता येतो (लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच). पण त्यामुळे तुमच्या खात्यात ४६व्या दिवशी रक्कम जमा होत नाही. शीटमध्ये कायद्याची तारीख नको, पैसे प्रत्यक्ष येण्याची तारीख हवी.

अक्कलकोट_रोड, सीएंनी दिलेला कागद चुकीचा नाही, तो दुसऱ्या कामाचा आहे. तो नफ्यापासून सुरू होऊन मागे जातो आणि वर्षभरात नफ्याचे पैसे कुठे अडकले ते सांगतो. ३१ मार्चला हिशेब जुळला की त्याचं काम संपलं. मधल्या ऑक्टोबरात खातं तळाला गेलं होतं की नाही, हे त्यात कुठेच दिसत नाही. बाराने भागलं तर बोनससुद्धा बारा महिन्यांत वाटला जाईल. कामगार तो दिवाळीलाच मागणार.

पुढचा अंदाज नफ्यापासून सुरू करू नका. आज खात्यात काय आहे तिथून सुरू करा आणि आठवड्यागणिक काय येणार, काय जाणार ते मांडा. घसारा यात येत नाही, कारण तो कोणाला द्यायचा नसतो. उलट कर्जाच्या हप्त्यातलं मुद्दल आणि घरखर्चाची उचल नफातोट्यात नसते, ती इथे हवीच. रकमा जीएसटीसकट लिहा. व्यापारी बिलाची पूर्ण रक्कम देतो, सूतवालाही पूर्णच घेतो.

तुमचे आकडे कळवा: सीसीत किती शिल्लक, आठवड्याचा पगार, सूत, वीज, हप्ता. आणि मागच्या वीस-पंचवीस बिलांच्या तारखांपुढे पैसे जमा झाल्याच्या तारखा लिहून काढा.

शेंगाचटणी

मध्येच विचारते, माझा कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा व्यवसाय आहे. गड्ड्याच्या यात्रेत सगळी विक्री रोखीत होते, उधारी फक्त पुण्याच्या दोन दुकानांची. मला जीएसटीचं रिटर्न मासिक ठेवावं की तिमाही?

हिशेबी

ताई, तो वेगळा धागा काढा. पण तुमच्या बाबतीत अडचण वसुलीची कमी आणि खरेदीची जास्त असणार. शेंगदाणा हंगामात एकदम भरता, तो पैसा चटणी विकली जाईल तसा हळूहळू परत येतो. शीट केली तर तो खड्डा दिसेल.

अक्कलकोट_रोड

बिलावर ४५ दिवस लिहितो, पण सरासरी ७५ निघाले! मला ६० वाटत होते. सीसीत ३,२०,००० उचलता येतील. पगार आठवड्याला ४५,०००, किरकोळ आणि घरखर्च मिळून १५,०००, सूत साधारण १,८०,०००, फक्त तिसऱ्या आठवड्यात मोठ्या ऑर्डरसाठी २,६०,०००. वीज ९५,०००, पीएफ-ईएसआय ४५,०००, मागांच्या कर्जाचा हप्ता ६२,०००, बोनस १,९५,०००. सप्टेंबरचा माल जास्त गेला, त्याचा जीएसटी २८,००० भरायचा आहे.

हिशेबी

वसुली जुन्या बिलांवरून ७५ दिवसांनी धरून दिवाळीआधीचे चार आठवडे मांडले. एका व्यापाऱ्याचं ९०,०००चं बिल तिसऱ्या आठवड्यात येणार नाही असं धरलं आहे.

| आठवडा | येणार | जाणार | शेवटी शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | २,५०,००० | २,४०,००० | ३,३०,००० |
| २ | २,५०,००० | ३,८०,००० | २,००,००० |
| ३ | १,६०,००० | ४,१०,००० | −५०,००० |
| ४ | ३,००,००० | ४,३५,००० | −१,८५,००० |

दुसऱ्या आठवड्यात वीज आणि १५ तारखेचा पीएफ-ईएसआय एकत्र आले. तिसऱ्यात जादा सूत, हप्ता आणि २० तारखेचा जीएसटी. तो जीएसटी सप्टेंबरच्या बिलांवरचा आहे, त्या बिलांचे पैसे मात्र नोव्हेंबर-डिसेंबरात येतील. म्हणजे माल जितका जास्त गेला तितकी ओढाताण वाढली. वार्षिक कागदात हेच 'उधारी वाढली, वजा ४.८ लाख' एवढ्या एका ओळीत मिटतं.

आता एक गोष्ट बँक बघेल आणि तुम्ही विसराल. ३,२०,००० ही कायमची रक्कम नाही. माल आणि उधारी बघून बँक किती उचलू देईल ती ड्रॉइंग पॉवर, आणि बहुतेक बँका ९० दिवसांपुढची उधारी तिच्यात धरत नाहीत. ते ९०,०००चं बिल ९० दिवस ओलांडून गेलं आणि तुमच्या मंजुरीपत्रात उधारीवर ४० टक्के मार्जिन असेल, म्हणजे बँक उधारीच्या ६० टक्केच धरत असेल, तर पुढच्या स्टॉक स्टेटमेंटला ५४,००० कमी होतील. अर्थात ड्रॉइंग पॉवर लिमिटच्या काठावर असेल तरच हे जाणवेल. मंजुरीपत्र काढून बघा.

लिमिट वाढवून मागायची तर १,८५,००० नको, अडीच लाख मागा, आणि पैसे कधी परत येणार तो आठवडाही शीटमध्ये दाखवा. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. आणि तिसऱ्या आठवड्यातल्या जादा सुतातलं ८०,०००चं दोन आठवडे पुढे ढकलता आलं, तर तूट १,०५,०००वर येते. सूतवाल्याला आजच विचारा, त्या आठवड्यात नको.

कसब्यातला

४५ दिवसांचं मागे घेतो. पण तो ९०,०००वाला व्यापारी पूर्ण शून्य का धरायचा? निम्मे धरा. सगळंच वाईट दाखवलं तर बँक घाबरेल.

हिशेबी

निम्मे कोणी देत नाही, तो एक तर सगळे देतो नाहीतर एकही नाही. मी शून्य धरून खाली वेगळी ओळ लिहितो: 'आले तर ९०,००० जास्त'. काही बँक अधिकाऱ्यांना तुमची पद्धत आवडते, हेही खरं.

अक्कलकोट_रोड

सूतवाला म्हणतो, दोन आठवडे थांबतो, पण किलोमागे दर थोडा वाढवून. एका जुन्या व्यापाऱ्याने २ टक्के सूट दिली तर ३ लाख महिनाभर आधी देतो म्हटलंय, म्हणजे ६,००० जातील. यातलं स्वस्त कोणतं, आणि सूट दिली तर शीटमध्ये नोव्हेंबरची वसुली तेवढी कमी करायची ना?

हिशेबी

हो, ३ लाख त्या आठवड्यातून काढूनच टाका, नाहीतर तेच पैसे दोनदा मोजले जातील. आधीच्या आठवड्यात २,९४,००० लिहा. एका महिन्यासाठी २ टक्के म्हणजे वर्षाला साधारण २४ टक्के, तुमच्या सीसीच्या व्याजापेक्षा नक्की महाग. सूतवाल्याचा वाढीव दर किती तो आकडा टाका, मग तुलना करता येईल.